हृदयगती पावणेतीन पट, ऑक्सिजनचा वापर साडेबारा पट : मधला हिशेब कसा जुळतो?

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करताना मी नुकतीच एका केंद्रात ट्रेडमिलवरची चाचणी करून घेतली. तोंडाला मास्क लावतात, दर तीन मिनिटांनी वेग किंवा चढ वाढवतात आणि आता पाय उचलतच नाही असे होईपर्यंत धावायला लावतात. वय ४१, वजन ६८ किलो. अहवालातील चार टप्पे खाली देतो.

चाचणीपूर्वी उभा असताना : हृदयगती ६८, ऑक्सिजनचा वापर मिनिटाला २४० मिली, ऑक्सिजन पल्स म्हणजे दर ठोक्यामागे वापरलेला ऑक्सिजन ३.५ मिली
चढावर भरभर चाल : १२४, १५०० मिली, १२.१
मध्यम धाव : १५६, २२५० मिली, १४.४
शेवटचा टप्पा : १८६, २९९० मिली, १६.१

माझी अडचण अशी की हृदयगती ६८ वरून १८६ वर गेली, म्हणजे जेमतेम पावणेतीन पट झाली. ऑक्सिजनचा वापर मात्र जवळजवळ साडेबारा पट झाला. ऑक्सिजन रक्तातूनच स्नायूंपर्यंत जातो आणि रक्त हृदयच ढकलते, तर मग उरलेली वाढ आली कुठून? केंद्रातील मुलाने ‘फिटनेस चांगला आहे’ एवढेच सांगितले. मला हा हिशेब नीट समजून घ्यायचा आहे.

भालचंद्र_क

मी गेली अनेक वर्षे सायकल चालवतो, त्या अनुभवावरून सांगतो. प्रत्येक ठोक्याला हृदय किती रक्त फेकते, हेही पाहावे लागते. मात्र गती वाढली की हृदयाला भरायला वेळ मिळत नाही, त्यामुळे दर ठोक्यामागचे रक्त कमी होत जाते. म्हणून १५० च्या पुढे गती नेण्यात अर्थ नाही. हृदय नुसते धडधडते, रक्त पुढे जात नाही. उरलेला ऑक्सिजन जोरजोरात श्वास घेतल्यामुळे मिळत असणार, कारण फुप्फुसे त्या वेळी कितीतरी अधिक हवा ओढतात. शिवाय ४१ व्या वर्षी २२० वजा वय म्हणजे १७९ ही तुमची मर्यादा आहे. १८६ पर्यंत जाणे मला धोक्याचे वाटते.

प्राजक्ता_मिरज

मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. यवतेश्वर, तुमच्या अहवालात उत्तर जवळजवळ पूर्ण आहे, फक्त ते दोन ठिकाणी वाटले गेले आहे.

आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो. शरीराने एका मिनिटात वापरलेला ऑक्सिजन म्हणजे त्या मिनिटात हृदयाने ढकललेले रक्त गुणिले त्या रक्तातील प्रत्येक लिटरमधून काढून घेतलेला ऑक्सिजन. ढकललेले रक्त म्हणजे पुन्हा हृदयगती गुणिले दर ठोक्यामागचे रक्त, ज्याला आपण स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणतो. म्हणजे गुणाकार तीन संख्यांचा आहे आणि त्यांतली एकच तुमच्या घड्याळावर दिसते. तुमच्या अहवालातील ऑक्सिजन पल्स हा उरलेल्या दोन संख्यांचा गुणाकार आहे. तो ३.५ वरून १६.१ झाला, म्हणजे ४.६ पट, आणि पावणेतीन गुणिले ४.६ केले की साडेबारा येतात. हिशेब तिथेच जुळतो.

आता त्या ४.६ पटीत स्ट्रोक व्हॉल्यूमचा वाटा किती आणि रक्तातून अधिक ऑक्सिजन काढून घेण्याचा किती, हे तुमच्या चाचणीत मोजलेले नाही. तुमच्यासारख्या, थोडाफार सराव असलेल्या माणसाच्या बाबतीत जे साधारणपणे आढळते ते घेऊन मी अंदाज मांडते. उभे असताना दर ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त बाहेर पडते, म्हणजे मिनिटाला पावणेपाच लिटर. धमनीतल्या एक लिटर रक्तात जवळपास २०० मिली ऑक्सिजन असतो आणि विश्रांतीत त्यातला फक्त ५० मिली वापरला जातो. १५० मिली तसाच हृदयाकडे परत येतो. शेवटच्या टप्प्यात दर ठोक्याला १०८ मिलीच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे २० लिटर रक्त गेले असावे आणि प्रत्येक लिटरमधून १४९ मिली ऑक्सिजन काढला गेला असावा. म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम दीडपटीहून थोडे अधिक झाले, तर काढून घेण्याचे प्रमाण तिप्पट झाले. सर्वांत मोठी वाढ इथे आहे आणि ती घड्याळावर कधीच दिसत नाही.

भालचंद्रजी, श्वासाबद्दल एवढेच म्हणते की समुद्रसपाटीजवळ निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन विश्रांतीतही ९७-९८ टक्के भरलेले असते. मिनिटाला शंभर लिटर हवा आत-बाहेर केली तरी त्यात भर घालायला जागाच नसते. तो जोराचा श्वास लागतो तो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी आणि रक्त कितीही वेगाने फुप्फुसातून गेले तरी ते भरूनच बाहेर पडावे यासाठी. आणि २२० वजा वय ही सरासरी आहे. तिच्यापासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणारी निरोगी माणसे भरपूर असतात, म्हणून निव्वळ १८६ या आकड्यात काही वावगे नाही.

यवतेश्वर_घाट

मनापासून आभार. दोन गोष्टी विचारतो. स्ट्रोक व्हॉल्यूम दीडपट झाले असे तुम्ही म्हणता, पण ते कोणत्या टप्प्यावर वाढले? आणि भालचंद्रजींचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो. १८६ गतीला एका ठोक्यासाठी सेकंदाचा तिसरा भागसुद्धा पुरता मिळत नाही. एवढ्यात हृदय भरते तरी कसे?

प्राजक्ता_मिरज

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. सर्वसाधारण माणसात स्ट्रोक व्हॉल्यूमची वाढ लवकरच, म्हणजे कमाल क्षमतेच्या ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास, बहुतांशी संपते. तुमच्या बाबतीत ती चढावरच्या भरभर चालीपर्यंतच झालेली असेल. तिथे ते १०४ वगैरे पोहोचले असेल आणि नंतर धाव कितीही वाढली तरी चार-पाच मिलीचाच फरक पडला असेल. त्या टप्प्यानंतर मिनिटाला जाणारे रक्त वाढते ते जवळजवळ केवळ ठोके वाढल्यामुळे. स्वीडनमध्ये पेर-ओलॉफ ऑस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हे मोजून दाखवले आणि पाठ्यपुस्तकांत तेच रूढ झाले.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडा वेळाचा हिशेब करू. ६८ गतीला एका ठोक्याचे आवर्तन ०.८८ सेकंदाचे असते. त्यात आकुंचनाला सुमारे ०.३२ सेकंद जातो आणि भरण्यासाठी ०.५६ सेकंद उरतो. १८६ गतीला संपूर्ण आवर्तन ०.३२ सेकंदाचे होते. त्यात आकुंचन घाईने ०.२० मध्ये उरकते, तरी भरायला ०.१२ सेकंदच राहतो. म्हणजे भरण्याचा वेळ पाचव्या भागाच्याही आसपास येतो. भालचंद्रजींचे निरीक्षण इथपर्यंत अगदी बरोबर आहे. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरते अशी एक स्थितीही आहे : माणूस शांत पडलेला असताना पेसमेकरने गती वाढवली तर स्ट्रोक व्हॉल्यूम गतीच्या प्रमाणात घटत जाते आणि मिनिटाचे एकूण रक्त जवळपास तेवढेच राहते. नुसती गती वाढवून काही साधत नाही.

व्यायामात मात्र गती एकटी वाढत नाही. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू दर पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतात, पोटातील आणि इतर शिरा आवळल्या जातात आणि त्यामुळे हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताचा ओघ वाढतो. अधिक भरलेले हृदय अधिक जोराने आकुंचन पावते. त्यातच अ‍ॅड्रिनलीनच्या प्रभावाने आकुंचनही जोरकस होते आणि आकुंचनानंतरचे सैल पडणेही वेगवान होते, इतके की खालचा कप्पा रक्त अक्षरशः ओढून घेतो. विश्रांतीत डाव्या कप्प्यात १२० मिली भरले तर ५० मिली मागे उरते. जोरदार व्यायामात १४० मिली भरून ३०-३२ मिलीच उरते. म्हणजे वाढीचा साधारण अर्धा वाटा अधिक भरण्यातून आणि अर्धा अधिक पूर्णपणे रिकामे होण्यातून येतो.

वेळेची टंचाई आणि ही मदत एकमेकींना तोलून धरतात, म्हणून आलेख सपाट होतो. तो कोसळत नाही. भालचंद्रजी, १५० नंतर रक्त पुढे जात नाही हे म्हणूनच खरे नाही. यवतेश्वर यांच्या बाबतीत १५६ ते १८६ या टप्प्यात मिनिटाला अंदाजे तीन लिटर रक्त आणखी वाढले आहे.

भालचंद्र_क

पेसमेकरचे उदाहरण वाचून माझी समजूत नेमकी कुठे अर्धी राहिली ते कळले. तरी एक शंका उरते. चढावर मी बसून पेडल मारतो तेव्हा आणि उभा राहून मारतो तेव्हा, एकाच वेगाला गती वेगळी दिसते. त्याचा या भरण्याशी संबंध आहे का?

प्राजक्ता_मिरज

उभे राहून पेडल मारताना अधिक स्नायू कामाला लागतात, त्यामुळे त्या तुलनेत बऱ्याच गोष्टी मिसळतात. शरीराच्या स्थितीचा परिणाम झोपून व्यायाम करताना स्वच्छ दिसतो. आडवे असताना पायांत रक्त साचत नाही, त्यामुळे विश्रांतीतच स्ट्रोक व्हॉल्यूम भरपूर असते आणि व्यायाम सुरू झाल्यावर ते फारसे वाढत नाही. पोहणाऱ्यांच्या बाबतीतही तसेच घडते. म्हणजे आपण ज्याला वाढ म्हणतो तिचा काही भाग खरे तर उभे राहिल्यामुळे झालेल्या घटीची भरपाई असते.

स्मिता_पर्वती

मी धावत नाही, पण हा धागा वाचून माझी गोष्ट विचारावीशी वाटते. रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढते. गेल्या काही महिन्यांत अर्ध्यावरच छाती धडधडू लागते आणि घड्याळात १५० च्या वर आकडा दिसतो. पूर्वी तो १२० च्या आत असायचा. घरात ऑक्सिमीटर आहे, त्यावर वर पोहोचल्यावरही ९८ येतात. ऑक्सिजन ठीक आहे म्हणून मी निश्चिंत होते. परवा रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.८ निघाले. ऑक्सिजन ९८ टक्के असताना याचा काही संबंध असू शकतो का?

प्राजक्ता_मिरज

स्मिताताई, थेट संबंध आहे आणि तुमचे उदाहरण या धाग्यासाठी फार महत्त्वाचे आहे. ऑक्सिमीटर हे सांगतो की जेवढे हिमोग्लोबिन आहे त्यातले किती टक्के भरलेले आहे. हिमोग्लोबिन किती आहे हे तो सांगत नाही. तुमच्याकडे असलेले सगळे हिमोग्लोबिन व्यवस्थित भरलेले आहे, पण ते मुळात कमी आहे.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले की सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन धरते. हिमोग्लोबिन १३, म्हणजे १०० मिली रक्तात १३ ग्रॅम असेल तर एक लिटर रक्तात अंदाजे १७० मिली ऑक्सिजन मावतो, ८.८ असेल तर ११५ मिलीच. पायऱ्या चढायला समजा मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन लागतो. ही गरज पायऱ्या ठरवतात. हिमोग्लोबिन कमी झाले म्हणून ती कमी होत नाही. पूर्वी प्रत्येक लिटरमधून १०० मिली काढून घेतला तर मिनिटाला १० लिटर रक्त पुरे होते, आणि दर ठोक्याला ८५ मिली धरले तर गती ११८ येते. आता प्रत्येक लिटरमधून ७५ मिलीच मिळाला तर १३ लिटरहून अधिक रक्त लागते. रक्त पातळ असल्याने ठोक्यामागे ते थोडे जास्त, म्हणजे ९० मिली जाते असे धरले तरी गती १४८ होते. तुमच्या घड्याळातले दोन्ही आकडे जवळपास हेच आहेत.

गृहीतके माझी आहेत, त्यामुळे याकडे निदान म्हणून पाहू नका. पण ८.८ हे प्रमाण थांबून राहण्याचे नाही. ते कशामुळे घटले, पाळीतला रक्तस्राव, पोटातील सूक्ष्म रक्तस्राव की आहार, हे तुमच्या डॉक्टरांनी शोधायला हवे. स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू केल्यास ते कारण झाकले जाऊ शकते. तोवर पायऱ्या चढण्याचा हट्ट धरू नका. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दाखवा.

स्मिता_पर्वती

उद्याची वेळ घेतली आहे. ९८ हा आकडा पाहून मी दोन महिने घालवले. इतक्या नीट समजावल्याबद्दल आभारी आहे.

निनाद_ट्रेडमिल

मी अशा चाचण्या घेणाऱ्या केंद्रात तंत्रज्ञ आहे, यवतेश्वर गेले त्या नव्हे. ऑक्सिजन पल्सबद्दल रोजच्या कामातले थोडे सांगतो, कारण हा आकडा जितका उपयोगी तितकाच फसवाही आहे.

निरोगी माणसात तो सुरुवातीला भरभर वाढतो आणि पुढे हळूहळू वाढत राहतो, जसा यवतेश्वर यांच्या अहवालात आहे. तो जर लवकरच सपाट झाला, किंवा काम वाढत असताना खाली यायला लागला आणि त्याच वेळी हृदयगती मात्र अधिक तीव्रतेने चढू लागली, तर स्ट्रोक व्हॉल्यूम साथ देत नाही अशी शंका येते. हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा अपुरा पडत असेल तेव्हा असे दिसू शकते. अशा वेळी आम्ही ईसीजी आणि रक्तदाब पाहून शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना लगेच कळवतो.

पण त्याआधी मी मास्क तपासतो. नाकाच्या कडेने किंवा दाढीमुळे हवा निसटत असेल तर मोजलेला ऑक्सिजन अचानक कमी दिसतो आणि पल्सही पडतो. फरक ओळखायचा तर श्वासाचे आकारमान पाहावे : गळती असेल तर तेही त्याच क्षणी घटलेले दिसते, आणि मास्क घट्ट केला की दोन्ही आकडे परत जागेवर येतात. ज्या ठिकाणी मास्क न लावता, केवळ वेग आणि चढावरून ऑक्सिजनचा अंदाज छापतात, तिथे दांडी धरून धावलेल्या माणसाची क्षमता फुगवून दिसते, कारण शरीराचा काही भार हातांनी उचललेला असतो. त्या अंदाजावरून काढलेल्या पल्सला मग काहीच अर्थ उरत नाही.

बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांच्या अहवालात पल्स उंच दिसतो, कारण गोळीने गती दाबलेली असते आणि दर ठोक्यामागे रक्त व काढून घेतलेला ऑक्सिजन दोन्ही वाढून भरपाई करतात. तो उंच आकडा म्हणजे हृदय दणकट असल्याची खूण नव्हे. म्हणून औषधांची यादी आधी विचारल्याशिवाय मी अहवाल छापत नाही.

केदार_शर्यत

प्राजक्तामॅडम, सपाट होण्याच्या मुद्द्यावर माझी हरकत नोंदवतो. तुम्ही १९६४ च्या मोजणीचा आधार घेतला, पण १९९४ मध्ये ग्लेडहिल आणि सहकाऱ्यांनी सहनशक्तीच्या खेळाडूंत स्ट्रोक व्हॉल्यूम अगदी कमाल तीव्रतेपर्यंत वाढत गेल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून तशी इतरही निरीक्षणे आली आहेत. मग ‘४० ते ५० टक्क्यांना वाढ संपते’ हा नियम सरसकट सांगणे योग्य आहे का? यवतेश्वर काही वर्षे धावत असतील, तर कदाचित त्यांच्या बाबतीतही ते शेवटपर्यंत वाढले असेल.

प्राजक्ता_मिरज

हरकत योग्य आहे. मी ‘सर्वसाधारण माणसात’ असे म्हटले होते, पण खेळाडूंचा अपवाद सांगायला हवा होता. उत्तम खेळाडूंत दर ठोक्याला १८० ते २०० मिलीपर्यंत रक्त जाऊ शकते. त्यांच्या हृदयाचे कप्पे मोठे आणि लवचीक असतात, रक्ताचे एकूण प्रमाणही जास्त असते, त्यामुळे अपुऱ्या वेळातही ते अधिक भरतात, असे स्पष्टीकरण दिले जाते आणि मला ते सयुक्तिक वाटते.

तरीही सर्व खेळाडूंत तसे आढळत नाही. काहींत आलेख सपाट होतो, काहींत शेवटी किंचित घसरतोही. यात मोजण्याच्या पद्धतीचा मोठा हात आहे असे माझे मत आहे. धडधडत्या, हलणाऱ्या माणसात, ती तीव्रता जेमतेम मिनिटभर टिकत असताना मिनिटाचे रक्त मोजायचे असते. श्वासातून वायू पुन्हा पुन्हा घेऊन मोजणे, छातीवर इलेक्ट्रोड लावून अंदाज घेणे, धमनीत व हृदयात नळी घालून फिकच्या पद्धतीने मोजणे, या प्रत्येकात चूक वेगळ्या दिशेने होते. आणि वादाचा मुद्दा असतो तो दहा-पंधरा मिलीचा.

वादापलीकडचे काय, तर माणसामाणसांतला मोठा फरक स्ट्रोक व्हॉल्यूममध्ये असतो, कमाल गतीत नव्हे. १९६६ मध्ये डॅलस येथे बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची कमाल ऑक्सिजन क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घटली. कमाल हृदयगती मात्र कमी झाली नाही. जे गेले ते दर ठोक्यामागचे रक्त होते. पुढच्या सरावाने क्षमता परत आली तेव्हाही कमाल गती वाढली नाही.

केदार_शर्यत

डॅलसचे उदाहरण मान्य. पण मला वाटते, मोजण्यातील चुकीवर सगळे ढकलणे सोयीचे आहे. एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने मोजलेल्या सराव नसलेल्या माणसांत आलेख सपाट होतो आणि खेळाडूंत वाढत राहतो, तेव्हा पद्धतीची चूक दोन्हींकडे सारखीच असणार.

प्राजक्ता_मिरज

चूक दोन्हीकडे सारखी असेलच असे नाही, कारण खेळाडूच्या रक्ताचा वेग दुपटीच्या आसपास असतो आणि काही पद्धती नेमक्या अधिक वेगालाच डगमगतात. पण तुमचा युक्तिवाद वजनदार आहे. मी विद्यार्थ्यांना आता दोन्ही आलेख काढून दाखवते.

यवतेश्वर_घाट

माझ्यापुरता शेवटचा प्रश्न. मध्यम धावेपासून शेवटापर्यंत माझा ऑक्सिजन पल्स १४.४ वरून १६.१ झाला. ही वाढ माझ्या स्ट्रोक व्हॉल्यूमची, की स्नायूंनी अधिक ऑक्सिजन काढून घेतल्याची? मी सात वर्षे धावतो, म्हणून केदार यांचे म्हणणे माझ्या बाबतीत खरे असावे असे मला वाटू लागले आहे.

प्राजक्ता_मिरज

या अहवालावरून ते सांगता येणार नाही. स्ट्रोक व्हॉल्यूम १०८ वर जवळपास स्थिर राहून काढलेला ऑक्सिजन लिटरमागे १३४ वरून १४९ मिली झाला, असे मांडले तरी १६.१ येतात. तेवढ्या तीव्रतेला ते सहज शक्यही आहे : शेवटी शेवटी मिनिटातल्या रक्ताचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा काम करणाऱ्या स्नायूंकडे वळलेला असतो, मूत्रपिंडे आणि आतड्यांकडचा ओघ आटलेला असतो, आणि तापलेल्या, आम्लता वाढलेल्या स्नायूत हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते. उलट काढून घेण्याचे प्रमाण १३८ च्या आसपास थांबून स्ट्रोक व्हॉल्यूम ११७ झाले असे धरले, तरीही तेच १६.१ येतात. दोन्ही शक्यता वेगळ्या करायच्या तर धावतानाच मिनिटाचे रक्त स्वतंत्रपणे मोजावे लागेल.

निनाद_ट्रेडमिल

आमच्याकडे ती सोय नाही. वायू पुन्हा श्वासात घेऊन मोजण्याचे यंत्र काही संशोधन संस्थांत असते, पण अगदी शेवटच्या टप्प्यात माणसाला त्या पिशवीतून ठरावीक लयीत खोल श्वास घ्यायला लावणे हेच सर्वांत अवघड जाते. अनेकांची मोजणी तिथेच फसते, म्हणून तुम्ही कुठे चौकशी केलीत तर ते शेवटच्या टप्प्याला मोजतात की त्याच्या आधीच्या, हे पहिल्यांदा विचारा.